टाकी भरायला पाणी कोण देणार? एका क्वालिटी प्लॅनच्या छाननीचं प्रकरण

लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात नऊ गावांच्या नळपाणी योजनेचं काम चालू होतं. प्रत्येक गावात एक उंच टाकी बांधायची होती आणि माझ्याकडे त्रयस्थ तपासणीची जबाबदारी होती. फेब्रुवारीत ठेकेदाराने ६४ पानांचा क्वालिटी प्लॅन दिला, म्हणजे कामाचा दर्जा कोण, कसा राखणार आणि तपासणार याचा लेखी बेत. मुखपृष्ठ रंगीत, गुणवत्ता धोरणावर संचालकांची सही, कर्मचाऱ्यांची उतरंड दाखवणारा तक्ता, मागे तपासणी व चाचण्यांचा आराखडा आणि शेवटी नोंदींचे १४ कोरे नमुने. वरवर पाहता काहीच कमी वाटत नव्हतं.

असे प्लॅन मी पहिल्या पानापासून वाचत नाही. तसं वाचलं की डोळा शुद्धलेखनात आणि क्रमांकात अडकतो, आणि जे लिहिलेलंच नाही ते दिसत नाही. मी एक खरं काम घेतो आणि ते प्लॅनमधून चालवून पाहतो. इथे मी २ लाख लिटरची टाकी घेतली: आतला व्यास ८ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर, भिंत २०० मिलिमीटर जाडीची. ही भिंत भरण्याच्या दिवसापासून टाकी पाण्याने भरून तपासण्याच्या दिवसापर्यंत कुणी काय करायचं, कशाशी ताडून पाहायचं आणि कुठे लिहायचं, हे प्लॅनच्या आधारे सांगता येतं का, एवढंच मला बघायचं होतं.

सुरुवात काँक्रीटच्या ओळीपासून केली, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, क्यूब, फोडून बळ मोजण्याच्या चाचणीपासून. तिथे लिहिलं होतं: ‘क्यूब चाचणी. वारंवारता: ५० घनमीटरला एक नमुना. निकष: किमान ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जबाबदारी: ठेकेदार/सल्लागार. नोंद: क्यूब रजिस्टर.’ चार रकाने भरलेले होते, आणि चारही रकान्यांत खोट होती.

५० घनमीटर हा आकडा आला कुठून, ते लगेच लक्षात आलं. काँक्रीटच्या भारतीय प्रमाणकात, आयएस ४५६ मध्ये, नमुन्यांचा तक्ता आहे. १ ते ५ घनमीटरला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, आणि त्यापुढे प्रत्येक जादा ५० घनमीटरला आणखी एक. कुणीतरी तक्त्याची फक्त शेवटची ओळ उचलली होती. धरणाच्या भिंतीला ती चूक फारशी जाणवणार नाही. आमच्या टाकीची अख्खी भिंत मात्र जेमतेम २२ घनमीटरची. म्हणजे या प्लॅनप्रमाणे पूर्ण भिंतीला मिळून एक नमुना. प्रत्यक्षात ती भिंत तीन टप्प्यांत, तीन वेगवेगळ्या दिवशी भरायची होती आणि प्रत्येक टप्पा सुमारे साडेसात घनमीटरचा होता. तक्ता नीट लावला तर दर टप्प्याला दोन, म्हणजे भिंतीला सहा नमुने होतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब २८ दिवसांनी फोडायचे असतात. तीनपैकी दोन दिवसांच्या काँक्रीटचा एकही क्यूब नसताना प्लॅन पाळल्याचं प्रमाणपत्र देता आलं असतं.

निकषाचा रकाना त्याहून फसवा होता, कारण आकडा बरोबर दिसतो. एम ३० दर्जाचं काँक्रीट म्हणजे बळ ३०, यात चूक काय, असं ठेकेदाराच्या क्वालिटी इंजिनिअरनेही विचारलं. मी त्यांच्यासमोर कागदावर दोन उदाहरणं मांडली. पहिल्यात लागोपाठच्या चार नमुन्यांचे निकाल ३१, ३३, ३०.५ आणि ३२. प्लॅनप्रमाणे चारही पास. पण प्रमाणकाला एम ३० साठी लागोपाठच्या चार निकालांची सरासरीही हवी असते. मूळ बळात प्रमाण विचलनाची ०.८२५ पट मिळवायची, किंवा ३ मिळवायचे, जे जास्त येईल ते. कामाचे स्वतःचे ३० नमुने होईपर्यंत एम ३० साठी विचलन ५ धरतात, म्हणून सरासरी किमान सुमारे ३४ लागते. इथे ती ३१.६ येते. म्हणजे हे काँक्रीट नापास. दुसऱ्या उदाहरणात निकाल २८.५, ३६, ३७ आणि ३६. प्लॅनप्रमाणे पहिला नमुना नापास आणि भिंत वादात. प्रमाणकाप्रमाणे सुटा निकाल २७ च्या खाली नाही आणि सरासरी ३४.४, म्हणून स्वीकारार्ह. एकच आकडा लिहिल्याने निकष एका जागी ढिला झाला होता आणि दुसऱ्या जागी विनाकारण कडक. ते इंजिनिअर थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, म्हणजे आमचंच नुकसान होतं की यात.’’ होतंच. निकष अर्धवट लिहिला की नुकसान कुणाचं होईल हे निकाल येईपर्यंत कळत नाही, आणि मग दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

आता जबाबदारीचा रकाना. ‘ठेकेदार/सल्लागार’ हा शब्द आराखड्याच्या ३८ ओळींपैकी ३१ ओळींत होता. मधल्या त्या तिरक्या रेघेने मला फार वेळा दगा दिला आहे. चाचणी कोण करणार, कोण समोर उभा राहणार, निकाल पाहून पुढच्या कामाला हो किंवा नाही कोण म्हणणार, ही तीन वेगळी कामं आहेत. रेघ त्यांना एका डब्यात कोंबते. म्हणून मी साइटवर जाऊन साधा प्रश्न विचारला: दुपारी चार वाजता भिंत अर्धी भरली आहे, आलेल्या घाण्यात पाणी जास्त दिसतंय, तर तो घाणा परत पाठवायचा अधिकार कुणाला? प्रकल्प व्यवस्थापक म्हणाले, क्वालिटी इंजिनिअरला. क्वालिटी इंजिनिअर म्हणाले, मी कळवतो, थांबवायचं ते साइट इंजिनिअर ठरवतात. साइट इंजिनिअर म्हणाले, टाकीचं काम पोटठेकेदाराकडे आहे, त्यांचा मिस्त्री बघतो. तो पोटठेकेदार ६४ पानांत कुठेच नव्हता.

उतरंडीच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दडली होती. नऊ गावांना मिळून क्वालिटी इंजिनिअर एकच. तेरणा नदीच्या अलीकडची गावं आणि पलीकडची गावं यांत मोटारसायकलवर तासभर जातो. दोन गावांत एकाच दिवशी काँक्रीट असेल तर एका ठिकाणी तो नसणार, हे ठरलेलंच. त्याच्या जागी कोण, याला प्लॅनमध्ये उत्तर नव्हतं. शिवाय तो ज्यांच्या हाताखाली होता त्या प्रकल्प व्यवस्थापकांवरच महिन्याच्या बिलाचा आकडा गाठायची जबाबदारी होती. मी त्यावर उपदेश लिहिला नाही. एवढंच मागितलं की काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या, आणि तो मागे घ्यायचा असेल तर मुख्य कार्यालयातल्या गुणवत्ता प्रमुखांच्या सहीनेच घ्या.

नोंदींची तपासणी खरं तर कारकुनी काम आहे, पण तिथे चोरी सगळ्यात लवकर सापडते. आराखड्यातल्या प्रत्येक ओळीत नोंदीच्या ज्या कोऱ्या नमुन्याचा उल्लेख आहे तो मागे जोडलेला आहे का, एवढं बोट ठेवून बघायचं. २२ नमुन्यांचे उल्लेख होते, जोडलेले १४. त्या १४ पैकी एकात डांबराच्या तापमानाचा रकाना होता, म्हणजे तो कुठल्यातरी रस्त्याच्या कामातून आला होता. आणि जे आठ नव्हते त्यातच काँक्रीट भरण्याच्या दिवसाचं पोअर कार्ड होतं, काँक्रीट ओलं ठेवण्याची, म्हणजे क्युरिंगची, रोजची नोंद होती आणि टाकीच्या गळती चाचणीचा तक्ता होता.

क्यूब रजिस्टर होतं, पण त्यात ‘ठिकाण’ या रकान्यात फक्त ‘टाकी’ असं लिहायची जागा होती. दीड वर्षाने भिंतीवर ओल दिसली तर ती कोणत्या टप्प्यात आहे, त्या दिवशीचं काँक्रीट कोणत्या क्यूबचं, सिमेंट कोणत्या आठवड्याचं, पाणी कुठलं, हे त्या रजिस्टरातून कधीच उलगडलं नसतं. आम्ही क्यूबवर गाव, टप्पा आणि नमुना अशी खूण ठरवली आणि तीच खूण पोअर कार्डावर घालायला लावली. दोन कागद एकमेकांना ओळखत नसतील तर दोन्ही असून उपयोग होत नाही.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढला, कारण आमच्या भागात तोच सगळ्यात जास्त हुकतो. प्लॅनमध्ये ‘बांधकामाच्या पाण्याची चाचणी: कामाच्या सुरुवातीला एकदा’ असं होतं. फेब्रुवारीत मिस्त्री गावच्या विहिरीवरून पाणी घेतो. मार्चअखेर विहीर तळाला जाते, मग खोल बोअर, मग टँकर, आणि टँकरवाला कुठून भरतो ते त्यालाच ठाऊक. फेब्रुवारीचा अहवाल मे महिन्याच्या काँक्रीटला लावून ठेवलेला मी पाहिला आहे. आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि सामू ६ पेक्षा कमी नको. खोल बोअरच्या खारट पाण्याबद्दल शंका येते ती पहिल्या मर्यादेपाशी. म्हणून ओळ बदलून घेतली: स्रोत बदलला की नवी चाचणी, आणि पोअर कार्डावर त्या दिवशीच्या पाण्याचा स्रोत. क्युरिंगही ७ दिवस लिहिलं होतं. उष्ण कोरड्या हवेत प्रमाणक किमान १० दिवस सांगतं आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ पर्यंत न्यायची शिफारस करतं. ठेकेदार पीपीसी हे मिश्र सिमेंट वापरत होता आणि भिंती एप्रिलमध्ये भरायच्या होत्या.

आता या छाननीतली ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ती ओळ. ‘टाकीची जलरोधकता चाचणी. निकष: समाधानकारक.’ बाकी रकाने रिकामे.

‘समाधानकारक’ हा निकष नाही, तो निकाल आहे. पाणी धरणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठी असलेल्या आयएस ३३७० मध्ये उंच टाकीची चाचणी साध्या शब्दांत आहे. टाकी पूर्ण पातळीपर्यंत भरायची, काँक्रीटला पाणी शोषू द्यायला ७ दिवस द्यायचे, आणि त्यानंतर ७ दिवस बाहेरच्या बाजूवर गळतीची खूण न दिसता ती कोरडी राहिली पाहिजे. एकूण १४ दिवस. हे प्लॅनमध्ये लिहायला दोन ओळी पुरतात. पण लिहिल्यावर प्रत्येक शब्दापाशी एक प्रश्न उभा राहतो.

‘भरायची’ म्हणजे कुणी? २ लाख लिटर पाणी म्हणजे १२ हजार लिटरच्या टँकरच्या १७ खेपा. योजनेची मुख्य वाहिनी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. ठेकेदाराने गृहीत धरलं होतं की पाणी खातं देईल. खात्याच्या अभियंत्यांनी गृहीत धरलं होतं की चाचणीचं पाणी ठेकेदाराच्या दरात आहे. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मे महिन्यात १७ टँकर कोण आणि कुठून आणणार हे ठरवायला कागदावर एक ओळही नव्हती. बैठकीत टाकीच्या मिस्त्रीमामांनी सरळ विचारलं, ‘‘साहेब, टाकी भरायला पाणी कोण देणार ते आधी सांगा. मागच्या कामाला पाणीच नव्हतं, मग रंग देऊन मोकळं झालो.’’

त्यांच्या बोलण्यात दुसरी उणीवही उघडी पडली. पाणी नाही म्हणून चाचणी पुढे ढकलतात, बिल अडतं म्हणून बाहेरून गिलावा आणि रंग उरकतात, आणि मग चाचणी होते तेव्हा ओल रंगाखाली झाकलेली असते. क्रम लिहिलेला नसेल तर हे कुणाची लबाडी नसतानाही घडतं. म्हणून तिथे होल्ड पॉइंट मागितला: जलरोधकतेची लेखी मंजुरी मिळेपर्यंत बाहेरून गिलावा, रंग काहीही नाही. ठेकेदाराला तिथे विटनेस पॉइंट हवा होता. विटनेस पॉइंटला कळवायचं आणि समोरचा वेळेवर आला नाही तर काम पुढे न्यायचं. ताजं काँक्रीट किती पातळ आहे ते पाहणाऱ्या स्लंपसारख्या रोजच्या चाचणीला मी तो आनंदाने देतो. पण जे काम पुढच्या कामाखाली कायमचं झाकलं जाणार आहे तिथे नाही.

‘कोरडी’ म्हणजे कधी पाहायची, हा तिसरा प्रश्न. मेमध्ये दुपारी पारा ४२ ला असतो. भिंतीतून येणारा बारीक पाझर वाऱ्यावर तिथल्या तिथे उडून जातो आणि दुपारी तीनला पाहणाऱ्याला भिंत खणखणीत कोरडी दिसते. पहाटे, ऊन लागण्याआधी, त्याच जागी बोट ओलं होतं. पाझर जुना असेल तर पांढरे क्षाराचे ओघळ दिसतात. म्हणून निरीक्षणाची वेळ सूर्योदयाच्या आसपास ठरवली आणि चारही दिशांचे फोटो तारीख-वेळेसह. रोज पातळीही मोजायला लावली, निकष म्हणून नव्हे तर इशारा म्हणून. ८ मीटर व्यासाच्या टाकीत १ मिलिमीटर पातळी उतरली तर सुमारे ५० लिटर पाणी गेलेलं असतं. बाहेर भिंत कोरडी आणि पातळी मात्र रोज उतरते आहे, असं झालं तर आधी खालचे व्हॉल्व्ह बघायचे.

चाचणी संपल्यावर ते पाणी कुठे सोडायचं, हे सरपंचांनी आम्हाला सुचवलं. गावविहिरीत आणि जनावरांच्या हौदात. तीही ओळ प्लॅनमध्ये आली.

पहिल्या खेपेला माझ्याकडे ४७ मुद्दे होते. ते सगळे पाठवले असते तर ठेकेदाराने सोपे ३५ सुधारून ‘७५ टक्के पूर्तता’ म्हणून पत्र धाडलं असतं. मी ११ ठेवले आणि बाकी शुद्धलेखनासकट एका वेगळ्या कागदावर, माहितीसाठी दिले. प्रत्येक मुद्द्यात पान, ओळ, काय नाही, आणि करारातल्या कोणत्या कलमाप्रमाणे ते हवं, एवढंच. कलमाचा आधार हवाच. छाननी करणाऱ्याने करारापेक्षा जास्त मागितलं की ठेकेदार जादा खर्चाचा दावा लावतो, आणि तो चुकीचा नसतो. चाचणीच्या पाण्याचा वाद तसाच मिटला. करारातल्या तपशिलात चाचण्यांचा खर्च ठेकेदाराकडे होता, तर टँकर भरण्याचा स्रोत खात्याने दाखवून द्यायचा असं बैठकीत ठरलं. फेरचाचणी लागली तर पाणी ठेकेदाराच्या खर्चाने.

दहा दिवसांनी उत्तर आलं: ११ पैकी ९ मुद्द्यांसमोर ‘नोंद घेतली, साइटवर पालन केले जाईल’. मी ते तसंच परत पाठवलं. साइटवरचा माणूस आमचा पत्रव्यवहार वाचत नाही, तो आराखड्याची ओळ वाचतो. ओळ बदलल्याशिवाय मुद्दा मिटला असं मी धरत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ओळी बदलल्या, पोटठेकेदार उतरंडीत आला, प्रत्येक गावासाठी क्वालिटी इंजिनिअरच्या जागी उभा राहणारा माणूस पदानुसार लिहिला गेला. तिसऱ्या आवृत्तीला मार्चअखेर मंजुरी दिली.

पहिली टाकी मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरली. शोषणाचे सात दिवस गेले. निरीक्षणाच्या दुसऱ्या पहाटे पश्चिमेच्या बाजूला, तळापासून दीड मीटरवर, हातभर लांबीची आडवी ओल दिसली. दुपारी मी स्वतः पुन्हा गेलो तेव्हा ती जागा कोरडी होती. पातळी दिवसाला मिलिमीटरही उतरत नव्हती. उंचीवरून ती जागा पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सांध्याची निघाली. दुसऱ्या टप्प्याचं पोअर कार्ड काढलं. क्यूब चांगले होते, पाण्याचा स्रोत तपासलेला होता. पण ‘सांधा टोकरून, धुऊन साफ केला’ या ओळीसमोर मिस्त्रीची सही होती आणि इंजिनिअरच्या सहीची जागा रिकामी. त्या दिवशी क्वालिटी इंजिनिअर पलीकडच्या गावात होते. त्यांच्या जागी नेमलेले साइट इंजिनिअर हजर होते, पण ती सही आपण करायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्लॅनमध्ये पद लिहिलं होतं, प्रत त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. वाटप कुणाला करायचं याची यादी मी छाननीत तपासली नव्हती.

टाकी रिकामी केली, पाणी हौदात आणि विहिरीत गेलं. आतून सांधा उघडून साफ केला, दाबाने सिमेंटचं ग्राउट भरलं. पुन्हा १७ टँकर, पुन्हा ७ आणि ७ दिवस. चौदाव्या पहाटे त्या जागेवर मी आणि साइट इंजिनिअर, दोघांनी हात फिरवला आणि तक्त्यावर सह्या केल्या. चौथ्या आवृत्तीत दोन गोष्टी वाढल्या. ज्यांची सही लागते त्या प्रत्येकाला प्रत मिळाल्याची पोच, आणि पोअर कार्डावर एकही सही रिकामी असेल तर पुढच्या टप्प्याचं सेंट्रिंग चढवायचं नाही.